पेटी, डझन आणि नग: ऑर्डर, स्टॉक आणि खरेदी बिलाच्या हिशेबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या खजुरी बाजार, राणीपुरा आणि सियागंजातल्या मराठी दुकानदारांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एप्रिलमध्ये शाळांचं नवं सत्र आणि जूनमध्ये सुट्टी संपल्यावरची गर्दी, या दोन हंगामांत तर रोज येतात. म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच माल घेतला आहे: कंपास पेटी. तिच्या नावातच ‘पेटी’ असल्यामुळे गल्लत होऊ नये म्हणून खाली मालाला फक्त ‘कंपास’ म्हटलं आहे. ‘पेटी’ म्हणजे कंपनीकडून येणारं मोठं खोकं, कार्टन. एका पेटीत ५ डझन म्हणजे ६० नग, पेटीचा दर ४,२५० रुपये, म्हणजे डझनाला ८५०. दर उदाहरणापुरते आहेत आणि कर सोडून आहेत.

१. खरेदी पेटीत होते, विक्री डझनात आणि काउंटरवर सुटे नग जातात. मग स्टॉक नेमका कशात ठेवायचा?

नगात. तुम्ही विकता किंवा मोजता त्यातलं सगळ्यात लहान एकक जे असेल, त्यात. वर्षात एकदाच का होईना एखादी ताई येऊन मुलासाठी एक कंपास घेऊन जात असेल, तर तुमचं मूळ एकक नगच.

कारण साधं आहे. पेटी आणि डझनाचे नग करताना काही तुटत नाही, उलट दिशेने तुटतं. सात नग म्हणजे ०.५८३३ डझन. प्रोग्राम दोनच दशांश ठेवत असेल तर तो ०.५८ लिहितो आणि त्याचे परत नग केले की ६.९६ होतात. एका नोंदीत हे कुणाला दिसत नाही. महिनाभर सुटी विक्री झाली की स्टॉकच्या यादीत ‘४३.५८ डझन’ असलं काहीतरी उभं राहतं, आणि गोदामातला मुलगा ते कपाटात शोधू शकत नाही.

नगात स्टॉक ठेवला म्हणून पेटीत बोलणं सोडावं लागत नाही. खरेदी बिल पेटीतच भरा, ऑर्डर डझनातच घ्या. आत साठा नगात वाढला-घटला पाहिजे, एवढंच. नगाच्या एककाला दशांश शून्य ठेवा, म्हणजे अर्धा नग कुणी भरूच शकणार नाही.

२. डझन म्हणजे बारा हे सगळ्यांना माहीत आहे. मग पेटीचंही एकदाच ठरवून टाकलं तर काय बिघडलं?

डझन सगळ्या मालाला सारखा असतो, पेटी नसते. कंपासच्या पेटीत ६०, बॉलपेनच्या पेटीत वेगळे, दोनशे पानी वहीच्या पेटीत त्याहून वेगळे. म्हणून ‘१ डझन = १२ नग’ हे नातं संपूर्ण दुकानासाठी एकदा लिहावं. ‘१ पेटी = किती नग’ हे मात्र प्रत्येक मालाच्या खात्यात स्वतंत्र लिहावं.

टॅलीत यासाठी दोन वेगळ्या सोयी आहेत आणि इथेच बरेच जण अडकतात. जोड एकक, म्हणजे कंपाऊंड युनिट, एकदा बनवलं की ते सगळ्या मालाला तसंच्या तसं लागतं. डझनासाठी ते ठीक आहे. पेटीसाठी तेच वापरलंत तर ६०ची पेटी, १४४ची पेटी अशी वेगवेगळी एककं करत बसावं लागेल. दुसरी सोय पर्यायी एककाची, अल्टरनेट युनिटची. त्यातलं प्रमाण त्या-त्या मालाच्या खात्यात असतं, म्हणून पेटीसाठी तीच सोयीची. ईआरपीनेक्स्ट वापरणाऱ्यांनी मालाच्या पानावर एककांचा जो तक्ता असतो त्यात ‘पेटी’ची ओळ घालून त्या मालाचं प्रमाण भरावं.

३. ग्राहक फोनवर म्हणतो, “दोन पेट्या पाठवा.” आम्ही पाठवल्या, आणि तो म्हणतो मी तर छोटे डबे सांगितले होते. हे कसं टाळायचं?

मोठ्या पेटीत आत दहाचे किंवा बाराचे डबे असतात. देवास-धारकडचे छोटे दुकानदार त्या आतल्या डब्यालाही ‘पेटी’च म्हणतात. आपल्या दृष्टीने पेटी म्हणजे साठ नग, त्याच्या दृष्टीने बारा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून वाद मिटत नाही.

उपाय एकच: ऑर्डर घेताना नग बोलून दाखवायचे. “काका, दोन पेट्या म्हणजे एकशेवीस नग, बरोबर ना?” त्याच्या मनात चोवीस असतील तर तो तिथल्या तिथे “अरे नाही नाही” म्हणेल. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली तर उत्तरात ‘२ पेटी (१२० नग)’ असं लिहून पाठवा आणि तो हो म्हणाला की मगच माल काढा. चलनावरही दोन्ही आकडे छापले गेले पाहिजेत. ग्राहक जे बोलला ते त्याच्या शब्दांत, आणि शेजारी नग.

४. आमचा मुलगा चिठ्ठीवर २.५ डझन लिहितो, संगणकावर बसलेली ताई २-५ भरते. दोन्ही एकच ना?

नाही. २.५ डझन म्हणजे अडीच डझन, ३० नग. २-५ म्हणजे दोन डझन आणि वर पाच नग, २९. टॅलीत जोड एकक असेल तर आकडा याच दुसऱ्या पद्धतीने, मध्ये आडवी रेघ देऊन दिसतो.

खरी पंचाईत २.१० लिहिलं की होते. लिहिणाऱ्याच्या मनात दोन डझन दहा नग, म्हणजे ३४. संगणकाला ते २.१ डझन वाटतं, म्हणजे २५.२ नग. नगाला दशांश शून्य ठेवलेला असेल (प्रश्न १) तर बहुतेक वेळा ही नोंद तिथेच संशयास्पद दिसते. नसेल तर चुपचाप आत जाते.

चिठ्ठीवर टिंब वापरायचंच नाही, असा नियम करा. ‘२ डझन १० नग’ असं अक्षरात लिहायला दोन सेकंद जास्त लागतात, तेवढे लागू द्या.

५. पेटी ४,२५०ची, नगाला ७०.८३ येतात. पण ७०.८३ गुणिले ६० केलं तर ४,२४९.८० होतात. वीस पैसे कुठे गेले?

कुठे गेले नाहीत, भागाकारात अडकले. नगाचा खरा दर ७०.८३३३… असा संपतच नाही. दोन दशांशांवर तोडला की प्रत्येक पेटीमागे वीस पैसे बिलाशी जुळत नाहीत, आणि दहा पेट्यांच्या बिलात दोन रुपयांचा फरक पडतो. व्यापाऱ्याच्या बिलाशी रक्कम जुळवायला मग कुणीतरी राउंड-ऑफमध्ये आकडे टाकत बसतं.

दर नेहमी बिलावर ज्या एककात छापला आहे त्यातच भरा. बिल पेटीचं असेल तर १० पेटी, दर ४,२५० प्रति पेटी. रक्कम बरोबर ४२,५०० येईल, स्टॉक ६०० नगांनी वाढेल आणि नगाची किंमत प्रोग्रामला रकमेतून काढू द्या. हाताने नगाचा दर काढून भरायचा नाही. विक्रीतही तसंच. डझनाला भाव ठरला असेल तर बिलावर डझनाचाच दर येऊ द्या.

६. कंपनीने न सांगता पेटीतले नग कमी केले. बिलावर मात्र ‘पेटी’च लिहिलेलं असतं. यात नेमकं नुकसान कुठे होतं?

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून हे जरा सविस्तर.

समजा गोदामात जुन्या ७ पेट्या आहेत, ६० नगांच्या. म्हणजे ४२० नग, किंमत २९,७५०. नवीन माल आला: १० पेट्या, दर ३,४०० प्रति पेटी, रक्कम ३४,०००. पेटी स्वस्त झाली म्हणून शेठजी खूश. खरं म्हणजे पेटीत आता ४ डझनच आहेत, ४८ नग. डझनाचा दर होता तोच आहे, ८५०. स्वस्त काहीच झालेलं नाही.

खरेदी नोंदवणाऱ्याने १० पेटी भरलं आणि खात्यात अजून ‘१ पेटी = ६० नग’ आहे. प्रोग्रामने ६०० नग जमा केले, प्रत्यक्षात आले ४८०. कागदावर १२० नग हवेतून तयार झाले.

पण नग जास्त दिसणं ही अर्धीच गोष्ट. किंमत बघा. कागदावर एकूण नग ४२० अधिक ६००, म्हणजे १,०२०. एकूण किंमत २९,७५० अधिक ३४,०००, म्हणजे ६३,७५०. सरासरी काढली तर नगाला ६२.५० पडतात, डझनाला ७५०. खरे नग ९०० आहेत आणि खरी सरासरी ७०.८३, डझनाला ८५०.

आता देवासचा एक शाळा-पुरवठादार वीस डझन मागतो. काउंटरवरचा मुलगा संगणकात पडता भाव बघतो, ७५०. त्यावर दहा टक्के लावून ८२५ सांगतो आणि सौदा होतो. वहीत डझनामागे ७५ रुपये नफा, वीस डझनांवर दीड हजार. प्रत्यक्षात डझनामागे २५ रुपये तोटा, म्हणजे पाचशे रुपये खिशातून गेले. जितका माल जास्त विकाल तितकी वही जास्त नफा दाखवेल आणि गल्ला तितका रिकामा होईल.

यानंतर येते वर्षअखेरची मोजणी. १२० नग कमी भरतात. तोपर्यंत ते बिल कुणालाच आठवत नाही आणि संशय गोदाम सांभाळणाऱ्या मुलावर जातो. मोजणीत तूट निघाली, आणि ती तूट जर पेटीच्या फरकाच्या पटीत असेल (इथे फरक १२, तूट १२०, म्हणजे बरोबर दहा पेट्या), तर माणसाला विचारण्याआधी खरेदी बिलं काढून बघा. चोरी इतक्या नेमक्या पटीत होत नाही.

७. हे बिल नोंदवतानाच कसं ओळखायचं? प्रत्येक पेटी फोडून मोजणं शक्य नाही.

सगळ्या फोडायची गरज नाही. दोन गोष्टी पुरतात.

एक, पेटीच्या बाजूला छापलेला आतल्या नगांचा आकडा वाचायचा. माल उतरवून घेणाऱ्याने चलनावर पेट्यांच्या संख्येशेजारी तो आकडा हाताने लिहायचा: ‘१० × ४८’. हे चलन हातात आल्याशिवाय खरेदी नोंदवायची नाही.

दोन, बिल भरल्यावर नगाचा दर मागच्या खरेदीशी ताडून बघायचा. पेटीचा दर बघून काही कळत नाही, कारण पेटी लहान झाली की तोही कमी होतो. वरच्या उदाहरणात नगाचा दर ७०.८३ वरून ५६.६७ वर आलेला दिसला असता. म्हणजे एका फटक्यात वीस टक्के घट. कंपन्या भाव असा पाडत नाहीत. दर पाच टक्क्यांहून जास्त हलला की आधी पेटी बघायची आणि मग भाव, अशी सवय लावा. मी तर म्हणेन, बाकी सगळे नियम विसरलात तरी हा एक सोडू नका.

८. मग मालाच्या खात्यात ६०चे ४८ करून टाकायचे ना?

थांबा. आधी बघा की तुमचा प्रोग्राम जुन्या नोंदींचं काय करतो.

काही प्रोग्राम प्रत्येक बिलाच्या ओळीत त्या वेळचं प्रमाण आणि नगांची संख्या लिहून ठेवतात. ईआरपीनेक्स्टमध्ये ओळीत `conversion_factor` आणि `stock_qty` अशी दोन्ही घरं असतात. तिथे खात्यातला आकडा बदलला तरी जुनी बिलं हलत नाहीत. पण काही साधे प्रोग्राम, आणि घरी बनवलेल्या बहुतेक एक्सेल शीट्स, फक्त ‘७ पेटी’ एवढंच साठवतात आणि नग दर वेळी गुणून दाखवतात. तिथे ६०चे ४८ केलेत की जुन्या ७ पेट्यांचे ४२० नग क्षणात ३३६ होतील. एक चूक सुधारायला गेलात आणि ८४ नगांची दुसरी करून बसलात.

तपासायचं असेल तर एक खोटा माल बनवा. पेटी = १० नग धरून एक पेटी जमा करा, मग प्रमाण ८ करा आणि स्टॉक बघा. दहाच राहिला तर ठीक. आठ झाला तर खऱ्या मालाला हात लावू नका. बघून झालं की खोटा माल काढून टाका.

प्रोग्राम एकाच मालाला अनेक एककं लावू देत असेल तर मला पटणारी पद्धत ही: जुनं एकक तसंच ठेवायचं आणि नवीन घालायचं. ‘पेटी-६०’ आणि ‘पेटी-४८’. नावातच आकडा असला की बिल भरणाऱ्याला निवडताना थांबावंच लागतं, आणि गोदामात दोन्ही प्रकारच्या पेट्या शेजारी-शेजारी असल्या तरी हिशेब बिघडत नाही. जुन्या पेट्या संपल्या की ‘पेटी-६०’ नवीन नोंदींसाठी बंद करा, पण पुसू नका.

९. “डझनावर एक नग फ्री” अशी स्कीम आहे. मग डझन तेराचा करू का?

अजिबात नको. डझन बाराचाच राहू द्या, नाहीतर प्रश्न २ मध्ये म्हटल्याप्रमाणे सगळ्या दुकानाचा डझन तेराचा होईल.

फ्री नग वेगळ्या संख्येने आत यायला हवेत. १० डझन घेतले, १० नग फ्री मिळाले, बिल ८,५०० रुपयांचं. स्टॉक १३० नगांनी वाढला पाहिजे आणि रक्कम ८,५००च राहिली पाहिजे. नगाला पडता ६५.३८. टॅलीत यासाठी प्रत्यक्ष आणि बिलातली संख्या वेगळी दाखवणारे रकाने चालू करता येतात. प्रत्यक्षात १३०, बिलात १२०.

फ्री नग पेटीच्या आतच असतील, म्हणजे पेटीवर ‘६० + ५’ छापलं असेल, तर स्कीमपुरतं ‘पेटी-६५’ वेगळं करण्यापेक्षा ‘पेटी-६०’ अधिक ५ नग असं भरणं बरं. स्कीम संपते, एकक मात्र यादीत कायमचं उरतं.

१०. पेटीत ६० असायला हवे होते, ५८च निघाले. आता?

हे प्रश्न ६ पेक्षा वेगळं आहे. तिथे कंपनीने पेटीच बदलली होती, इथे एकाच पेटीत माल कमी आला. प्रमाणाला हात लावायचा नाही. बिल ६० नगांचं नोंदवा, व्यापाऱ्याच्या नावे २ नगांची डेबिट नोट काढा, स्टॉक ५८ होईल. पेटी फोडतानाचा फोटो त्याच दिवशी व्यापाऱ्याला पाठवा. आठवड्याने सांगितलंत तर तो म्हणणार, तुमच्याकडेच गेले असतील.

११. मोजणीच्या दिवशी अर्धवट फोडलेल्या पेट्या कशा लिहायच्या?

मोजणीच्या कागदावर चार रकाने करा: बंद पेटी (प्रकाराप्रमाणे वेगळी), पूर्ण डझन, सुटे नग आणि एकूण नग. फोडलेली पेटी ‘बंद’मध्ये कधीच धरायची नाही, तिच्यात सगळे नग दिसत असले तरी.

उदाहरणार्थ, बंद पेटी-६०: ४, बंद पेटी-४८: ६, डझन: ३, सुटे: ५. म्हणजे २४० + २८८ + ३६ + ५, एकूण ५६९ नग. संगणकाशी फक्त हा शेवटचा आकडा जुळवायचा. पेट्यांची संख्या जुळली नाही तर डोकं धरू नका. पेटी फोडली जाते तेव्हा त्याची कुठे नोंद होत नाही, आणि व्हायची गरजही नाही.

१२. जीएसटीच्या रिटर्नमध्ये पेटी लिहायची की नग?

विवरणासाठी एककांची ठरलेली यादी आहे. तिच्यात नगासाठी `PCS` आणि `NOS`, डझनासाठी `DOZ`, कार्टनसाठी `CTN`, डब्यासाठी `BOX`, ग्रोससाठी `GRS` असे कोड आहेत. तुमच्या प्रोग्राममधलं ‘पेटी-४८’ त्या यादीत नाही, म्हणून प्रत्येक एककाला यातला एक कोड जोडून ठेवावा लागतो.

जीएसटीआर-१ मधल्या एचएसएनच्या गोषवाऱ्यात, म्हणजे तक्ता १२ मध्ये, एकूण संख्या द्यावी लागते. काही बिलं `DOZ`, काही `CTN`, काही `PCS` अशी गेली की एकाच मालाच्या तीन ओळी होतात आणि त्यांची बेरीज कुणालाच काही सांगत नाही. मूळ एकक नग असेल तर गोषवारा `PCS` मध्येच काढा. ग्राहकाच्या बिलावर डझन छापलं म्हणून काही अडत नाही, दोन्ही आकडे तिथे असतातच (प्रश्न ३). तुमच्या सीएंशी एकदा बोलून कोड ठरवा आणि वर्षाच्या मध्येच बदलू नका.

१३. बारकोड स्कॅन केला तर पेटीऐवजी एकच नग बिलात येतो. मशीन बिघडलं आहे का?

मशीन ठीक आहे. नगावर साधारणपणे १३ अंकी कोड असतो आणि बाहेरच्या पेटीवर बऱ्याचदा १४ अंकी. ते दोन वेगळे कोड आहेत. कुणीतरी पेटीचा कोडही त्याच मालाच्या नावे घातला, पण तो कोणत्या एककाचा ते सांगितलं नाही. मग प्रोग्राम कोणताही कोड आला की एक नग धरतो. बारकोडच्या यादीत पेटीच्या कोडापुढे एकक ‘पेटी-६०’ असं निवडा. तशी सोय नसेल तर पेटीचा कोड यादीतून काढून टाका. कोड सापडलाच नाही तर निदान कुणी साठ नग एका नगाच्या भावात देणार नाही.

१४. गेली कित्येक वर्षं स्टॉक डझनातच आहे. आता नगात आणायचा तर कसा?

चालू खात्याचं एकक मध्येच बदलायच्या भानगडीत पडू नका. नोंदी झाल्यावर बरेच प्रोग्राम ते करूच देत नाहीत, आणि जे देतात ते जुन्या नोंदी कशा वाचतील याचा भरवसा नसतो. १ एप्रिल गाठा.

३१ मार्चला प्रत्यक्ष मोजणी करा, प्रश्न ११ प्रमाणे. समजा वहीत ४३.५८ डझन आहेत आणि किंमत ३७,०४३ रुपये. मोजणीत ५२३ नग निघाले, म्हणजे ४३ डझन ७ नग. माल जुळला, फक्त दशांश तुटला होता. आता नगाच्या एककात नवीन खातं उघडा आणि सुरुवातीचा साठा म्हणून ५२३ नग आणि रक्कम ३७,०४३ भरा. दर भरू नका. ७०.८३३३ने गुणून बसलात तर ३७,०४५.८२ येतील, आणि मागच्या वर्षाचा अखेरचा साठा व या वर्षाचा सुरुवातीचा साठा यांत २.८२ रुपयांचा फरक पडेल. फरक किरकोळ आहे, पण सीएंना तो शोधत बसावं लागतं. जुनं खातं शून्यावर आणा आणि नावापुढे ‘जुने’ लिहा, नाहीतर जूनच्या गर्दीत कुणीतरी त्यातच बिल फाडेल.

१५. कोडी आणि ग्रोस यांचं काय?

कोडी २०ची आणि ग्रोस १४४चा, म्हणजे १२ डझन. दोन्ही डझनासारखीच ठरलेली आहेत, एकदाच लिहा. दहाच्या पाकिटाला मात्र काही जण सवयीने डझन म्हणतात. त्याला यादीत ‘पाकीट-१०’ असंच नाव द्या.

१६. ग्राहकाने ऑर्डर दिली तेव्हा पेटी ६०ची होती. माल जायच्या वेळी ४८ची झाली. त्याला किती पाठवायचे?

त्याला खरंच काय हवं होतं, यावर हे ठरतं. म्हणून आधी विचारा.

उज्जैनच्या ग्राहकाने ३ पेट्या सांगितल्या होत्या, म्हणजे १८० नग, भाव डझनाला ९००. त्याला पुढे एखाद्या शाळेला मोजून १८० कंपास द्यायच्या असतील, तर ३ नव्या पेट्या आणि वर ३ डझन जायला हवेत: १४४ अधिक ३६. तो नुसता दुकानात ठेवायला घेत असेल तर त्याला बंद पेट्याच हव्या असतात, फोडलेला माल नको असतो. मग ३ पेट्या, १४४ नग, आणि बिल १२ डझनांचं, १०,८०० रुपयांचं.

भाव पेटीला ठरलेला असेल तर जास्त सांभाळून. ६०च्या पेटीचा ४,५०० हा भाव ४८च्या पेटीला लावलात तर ग्राहकाला डझन ९०० ऐवजी १,१२५ला पडतो, आणि पुढच्या वेळी तो तुमच्याकडे येत नाही. पेटी बदलल्याचं कळलं त्याच दिवशी प्रलंबित ऑर्डरींची यादी काढा, त्यातल्या पेटीच्या ओळी ‘पेटी-४८’वर आणा आणि भाव नगाच्या दरातून पुन्हा लावा. ऑर्डर घेताना नग लिहिले असतील तर हे दहा मिनिटांचं काम आहे. नुसतं ‘३ पेटी’ लिहिलं असेल तर एकेकाला फोन करावा लागतो.